त्रासामुळे नोकरी सोडताना राजीनाम्यात काय लिहावे आणि काय लिहू नये

कार्यालयातल्या त्रासाला कंटाळून जे लोक नोकरी सोडतात, त्यांच्या राजीनाम्याची पत्रे बहुधा दोनच प्रकारची असतात. एका प्रकारात ‘वैयक्तिक कारणास्तव मी राजीनामा देत आहे, कंपनीने दिलेल्या संधीबद्दल मी ऋणी आहे’ एवढेच असते. दुसऱ्या प्रकारात दोन-तीन पाने भरून संताप असतो आणि त्यात नावे, विशेषणे, धमक्या असे सगळे येते. लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या, कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर बाहेरची सदस्य म्हणून काम करताना दोन्ही प्रकारची पत्रे माझ्यासमोर आली आहेत, आणि दोन्हींनी लिहिणारीचेच नुकसान केल्याचे मी पाहिले आहे. पहिले पत्र चौकशीत समोरचा माणूस स्वतः काढून दाखवतो: ‘त्रास होता तर ऋणी कशाबद्दल होता?’ दुसऱ्या पत्रातले एखादे अतिशयोक्त वाक्य खोटे ठरते आणि त्या एका वाक्यामुळे उरलेल्या खऱ्या मजकुरावरही शंका घेतली जाते.

या दोन टोकांच्या मधे एक तिसरे पत्र असते. ते छोटे असते, त्यात कोणावर आरोप नसतो, पण तारखा आणि कागद असे मांडलेले असतात की पुढे कोणीही ‘हिने कधी काही सांगितलेच नाही’ असे म्हणू शकत नाही. ते कसे लिहायचे हे एका उदाहरणातून पाहू. उदाहरण नमुन्यादाखल रचलेले आहे, परंतु त्यातल्या अडचणी नेहमीच्या आहेत.

चिंचवडमधल्या एका खासगी कंपनीत लेखा विभागात काम करणारी एक कर्मचारी आहे. १४ जानेवारी २०२६ रोजी रात्री पावणेबारा वाजता विभागप्रमुखांनी तिला व्हॉट्सॲपवर वैयक्तिक स्वरूपाचे संदेश पाठवले. ६ फेब्रुवारीला केबिनमध्ये बोलावून तिच्या दिसण्याबद्दल शेरेबाजी केली, आणि ती उठून निघाल्यावर दारात तिचा हात धरला. १० फेब्रुवारीला तिने एचआरला ईमेल केला. १२ तारखेला एचआरने तिला भेटीला बोलावले, ‘आम्ही बोलतो त्यांच्याशी’ असे तोंडी सांगितले, इतिवृत्त काही केले नाही. २० फेब्रुवारीला महिनाअखेरच्या हिशेबाचे काम तिच्याकडून काढून दुसऱ्याकडे दिल्याचा ईमेल विभागप्रमुखांकडून आला. ९ मार्चला तिने एचआरला आठवण करून दिली. उत्तर आले नाही. आता तिला नोकरी सोडायची आहे. नियुक्तिपत्रात नोटीस पिरियड ६० दिवसांचा आहे.

आधी कॅलेंडर, मग पत्र

तिचा पहिला विचार बहुतेकांसारखाच आहे: आत्ता शांतपणे बाहेर पडू, रिलीव्हिंग लेटर हातात आले की मग तक्रार करू. हा विचार समजण्यासारखा आहे, पण तारखांच्या हिशेबात तो बसत नाही. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे (ज्याला सगळे ‘पॉश कायदा’ म्हणतात) तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करावी लागते. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून तीन महिने मोजतात. तिच्या बाबतीत शेवटची घटना ६ फेब्रुवारीची, म्हणजे मुदत ६ मे रोजी संपते. तिने १८ मार्चला राजीनामा दिला आणि पूर्ण ६० दिवस भरले, तर शेवटचा दिवस येतो १७ मे. नोटीस पिरियड संपण्याआधीच तक्रारीची मुदत संपलेली असेल.

समितीला योग्य कारण पटले तर ती ही मुदत आणखी तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकते, पण त्यासाठी कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि ‘रिलीव्हिंग लेटरची वाट पाहत होते’ हे कारण पटेलच असे नाही. २० फेब्रुवारीला काम काढून घेतले, म्हणून मालिका तिथपर्यंत लांबते, यावरही विसंबून राहू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, नंतरची प्रशासकीय कारवाई ही आपोआप लैंगिक छळाच्या मालिकेचा भाग ठरत नाही असे म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरवली होती.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी अंतर्गत समितीकडे तक्रार, त्यानंतर राजीनामा. एचआरला पाठवलेला ईमेल म्हणजे समितीकडची तक्रार नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसते. समितीच्या पीठासीन अधिकाऱ्यांच्या नावे स्वतंत्र लेखी अर्ज द्यावा लागतो. नियमांप्रमाणे त्याच्या सहा प्रती, सोबतची कागदपत्रे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते जोडायचे असतात. कंपनीत दहापेक्षा कमी माणसे असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचे. नोकरी सोडल्यानंतरही तक्रार करता येते, मुदत तेवढी पाळावी लागते.

आणखी एक गोष्ट राजीनाम्याआधी तपासून पाहावी. तक्रार केल्यावर चौकशी चालू असताना समितीला लेखी विनंती केली, तर समिती कंपनीला बदलीची किंवा तीन महिन्यांपर्यंतच्या रजेची शिफारस करू शकते, आणि ही रजा नेहमीच्या रजेव्यतिरिक्त असते. नोकरी सोडायचीच असे ठरलेले असले तरी या रजेमुळे दुसरी नोकरी शोधायला सवड मिळते. सोडण्याचा निर्णय पक्का असेल, तर पुढे वाचावे.

कागद जमवण्याबद्दल

राजीनामा पाठवल्याच्या दिवशीच लॉगिन बंद करण्याची पद्धत पुष्कळ कंपन्यांत आहे. तेव्हा पत्र पाठवण्याच्या आधी स्वतःच्या हक्काचे कागद हाताशी असले पाहिजेत: नियुक्तिपत्र, पगाराच्या पावत्या, मूल्यमापनाचे शेरे, रजेच्या नोंदी, आणि त्रासाबाबत एचआरशी झालेला स्वतःचा पत्रव्यवहार. यात मोह आवरावा लागतो. विभागाच्या हिशेबाच्या फाइली, ग्राहकांची माहिती, इतरांचे ईमेल असे काहीही वैयक्तिक खात्यावर पाठवू नये, कारण मग कंपनीच्या हाती गोपनीयता भंगाचे प्रकरण लागते आणि चौकशीचा रोख तुमच्याकडे वळतो. कामाच्या ईमेलमध्येच एखादा महत्त्वाचा पुरावा असेल, तर त्याची तारीख, वेळ, विषय आणि पाठवणाऱ्याचे नाव टिपून ठेवावे. चौकशीत समिती तो कंपनीकडून मागवू शकते.

व्हॉट्सॲपच्या संदेशांचे नुसते स्क्रीनशॉट पुरत नाहीत. स्क्रीनशॉटमध्ये वर फक्त ‘सर’ असे साठवलेले नाव दिसत असेल तर तो नंबर कोणाचा हा पहिला प्रश्न विचारला जातो. म्हणून संपर्काच्या पानाचा, नंबर दिसेल असा एक स्क्रीनशॉट सोबत घ्यावा, पूर्ण संवाद एक्स्पोर्ट करून ठेवावा, आणि मूळ फोन विकू किंवा रिसेट करू नये. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि त्या वेळी मूळ उपकरण स्वतःजवळ असणे फार सोयीचे पडते. संवादातले फक्त सोयीचे संदेश ठेवून बाकीचे पुसणे हा सगळ्यात वाईट उद्योग. तुम्ही दिलेले साधे, सभ्य उत्तरसुद्धा तिथे असू द्यावे.

सोबत एक घटनापत्रक लिहावे. प्रत्येक घटनेसाठी तारीख, वेळ, जागा, कोण उपस्थित होते, नेमके कोणते शब्द उच्चारले गेले, आणि त्यानंतर तुम्ही काय केले, एवढेच. ‘त्यांची नजर वाईट होती’ असे लिहिण्याऐवजी ‘बोलताना ते माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले, मी खुर्ची पुढे सरकवली’ असे लिहावे. हे पत्रक समितीकडच्या अर्जासाठी आहे. राजीनाम्याला ते जोडायचे नाही.

तोंडी झालेल्या भेटींचे काय, असा प्रश्न येतोच. आपल्या उदाहरणातली १२ फेब्रुवारीची भेट घ्या. तिची नोंद कोणीच केली नाही. अशा वेळी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी एचआरला दोन ओळींचा ईमेल पाठवावा: ‘काल झालेल्या भेटीत आपण संबंधितांशी बोलू असे मला सांगितले. माझ्या समजण्यात काही चूक असल्यास कृपया कळवावे.’ उत्तर आले तर उत्तम, नाही आले तरी तो ईमेल हीच त्या भेटीची नोंद होते. आपल्या उदाहरणातील कर्मचारीने १३ फेब्रुवारीला तो पाठवला असे धरून चालू.

राजीनाम्यात तपशील का नसावा

तक्रारीचा अर्ज आणि राजीनामा हे दोन वेगळे कागद आहेत आणि त्यांचे वाचक वेगळे आहेत. तक्रार समितीपुढे जाते, आणि कायद्याच्या कलम १६ प्रमाणे तक्रारीचा मजकूर, तक्रारदाराची आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याची ओळख, साक्षीदारांची ओळख हे सगळे लोकांत किंवा माध्यमांत उघड करण्यास बंदी आहे. राजीनामा मात्र एचआरमधल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यापासून पगारपत्रक करणाऱ्यापर्यंत, आयटी विभागापासून लेखापरीक्षकापर्यंत कितीतरी हातांतून जातो आणि फाइलमध्ये वर्षानुवर्षे पडून राहतो. केबिनमध्ये काय घडले याचे वर्णन त्या फाइलमध्ये का ठेवायचे?

दुसरे कारण बदनामीच्या कायद्याचे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीच्या व्याख्येला अपवाद आहेत, आणि अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा त्यातला एक. म्हणजे समितीकडे तुम्ही स्पष्ट शब्दांत, नाव घेऊन लिहू शकता. ते संरक्षित आहे. पण तोच मजकूर राजीनाम्यात घालून तो पूर्ण विभागाला, ग्राहकाला किंवा जुन्या सहकाऱ्यांच्या गटाला सीसी केला, तर ते संरक्षण विरळ होते. मग मूळ प्रश्न बाजूला राहून वकिलाच्या नोटिशीला उत्तर देण्यात तुमचे दिवस जातात.

तिसरे कारण अगदी व्यावहारिक आहे. एकच घटना दोन ठिकाणी लिहिली की दोन्ही वर्णनांत बारीक फरक पडतो. उलटतपासणीत तेच विचारले जाते: ‘राजीनाम्यात तुम्ही मनगट म्हणालात, तक्रारीत हात म्हणता, नक्की काय?’ घटना एकाच कागदावर लिहावी, आणि दुसऱ्या कागदात त्या कागदाचा फक्त उल्लेख करावा.

वाक्य कसे तपासावे

पत्रातले प्रत्येक वाक्य लिहून झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे वाक्य खरे आहे हे मी कोणता कागद दाखवून सिद्ध करीन? कागद नसेल तर वाक्य काढावे, किंवा जे सिद्ध करता येईल त्यापुरते आखडावे. ‘असे घडले’ हे सिद्ध करायला साक्षीदार लागतो. ‘मी अमुक तारखेला असे कळवले’ हे सिद्ध करायला तुमचा पाठवलेला ईमेल पुरेसा असतो. अख्खी युक्ती या फरकात आहे.

आपल्या उदाहरणातील कर्मचारीने पहिल्या मसुद्यात असे वाक्य लिहिले असेल: ‘विभागप्रमुखांनी माझा सातत्याने मानसिक व लैंगिक छळ केला आणि एचआर विभागाने जाणूनबुजून त्याकडे डोळेझाक केली.’ या एका वाक्यात तीन दुखऱ्या जागा आहेत. ‘छळ’ हा निष्कर्ष आहे आणि तो काढणे समितीचे काम आहे. ‘सातत्याने’ या शब्दामागे तारखा नाहीत. आणि ‘जाणूनबुजून’ हा दुसऱ्याच्या मनातला हेतू झाला, जो तुम्हाला ठाऊक असू शकत नाही. हेच वाक्य असे करता येते: ‘माझ्या कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीबाबत मी १० फेब्रुवारी २०२६ रोजी मनुष्यबळ विभागाला ईमेलद्वारे कळवले होते. १२ फेब्रुवारी रोजी त्याबाबत भेट झाली. ९ मार्च रोजी मी स्मरणपत्र पाठवले. हे पत्र लिहीपर्यंत मला लेखी उत्तर मिळालेले नाही.’ वाचताना हे पहिल्यापेक्षा मवाळ वाटते. चौकशीच्या टेबलावर मात्र हेच जड पडते, कारण यातले काहीच नाकारता येत नाही.

काम काढून घेतल्याबद्दल ‘सूड म्हणून माझे काम काढले’ असे लिहिण्याचा मोह होतो. त्याऐवजी ‘२० फेब्रुवारी २०२६ च्या ईमेलद्वारे महिनाअखेरच्या हिशेबाची जबाबदारी माझ्याकडून अन्य सहकाऱ्याकडे देण्यात आली, त्याचे कारण मला कळवण्यात आलेले नाही’ असे लिहावे. १० तारखेची तक्रार आणि २० तारखेचा बदल एकाखाली एक आले की त्यांतला संबंध वाचणाऱ्याला आपोआप दिसतो. तो तुम्ही सांगायची गरज नसते.

कारणाचे वाक्य एकच असावे आणि ते टाळू नये: ‘वरील परिस्थितीत या पदावर काम करत राहणे मला शक्य नसल्याने मी राजीनामा देत आहे.’ ‘वैयक्तिक कारणास्तव’, ‘चांगल्या संधीसाठी’, ‘स्वखुशीने’ हे शब्द तयार नमुन्यांमध्ये छापलेले असतात. ते तिथून काढून टाकावेत, कारण पुढे ‘राजीनामा द्यावा लागला’ असे म्हणण्याची वेळ आली तर आपलेच शब्द आडवे येतात.

आभाराच्या ओळीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, आणि नेमकी तीच नंतर नडते. ‘येथील उत्तम वातावरणात मला खूप शिकायला मिळाले’ हे सौजन्याने लिहिलेले वाक्य सहा महिन्यांनी तुमच्याविरुद्ध वाचले जाते. आभार मानायचेच असतील तर ते खरे आणि मर्यादित असावेत: लेखा विभागातल्या सहकाऱ्यांनी केलेल्या सहकार्याबद्दल. तेवढे खरे असते आणि कोणाला वापरता येत नाही.

पूर्ण पत्र

आता तिने १६ मार्चला समितीकडे अर्ज दिला आणि १८ मार्चला राजीनामा पाठवला, असे धरून पत्र पाहू.

> दिनांक: १८ मार्च २०२६
>
> प्रति,
> मा. मनुष्यबळ विभागप्रमुख
>
> विषय: लेखा सहायक पदाचा राजीनामा
>
> महोदय/महोदया,
>
> मी लेखा विभागात लेखा सहायक या पदावर कार्यरत आहे. या पत्राद्वारे मी या पदाचा राजीनामा देत आहे. नियुक्तिपत्रातील ६० दिवसांच्या नोटीस कालावधीनुसार माझा कामाचा शेवटचा दिवस १७ मे २०२६ असेल.
>
> माझ्या कामाच्या ठिकाणच्या परिस्थितीबाबत मी १० फेब्रुवारी २०२६ रोजी आपल्या विभागाला ईमेलद्वारे कळवले होते. त्याबाबत १२ फेब्रुवारी रोजी भेट झाली व त्या भेटीचा सारांश मी १३ फेब्रुवारीच्या ईमेलने आपणास पाठवला. २० फेब्रुवारीच्या ईमेलद्वारे महिनाअखेरच्या हिशेबाची जबाबदारी माझ्याकडून अन्य सहकाऱ्याकडे देण्यात आली. त्याचे कारण मला कळवण्यात आलेले नाही. ९ मार्च रोजी मी आपणास स्मरणपत्र पाठवले. हे पत्र लिहीपर्यंत मला लेखी उत्तर मिळालेले नाही. या विषयाबाबत १६ मार्च २०२६ रोजी मी सक्षम समितीकडे स्वतंत्र अर्ज दिला असून त्यातील तपशील गोपनीयतेच्या दृष्टीने येथे दिलेला नाही.
>
> वरील परिस्थितीत या पदावर काम करत राहणे मला शक्य नसल्याने मी हा राजीनामा देत आहे. हा राजीनामा देताना वरील अर्जाबाबतचे अथवा कायद्याने मला असलेले कोणतेही हक्क मी सोडून देत नाही. अर्जाच्या कामकाजासाठी मी नोटीस कालावधीत व त्यानंतरही उपलब्ध असेन.
>
> नोटीस कालावधीत माझे कामाचे अहवाल अन्य वरिष्ठांकडे देण्याची, अथवा घरून काम करण्याची परवानगी मिळावी, अशी विनंती आहे. कामाचे हस्तांतरण मी पूर्ण करीन. कृपया या पत्राची पोच, अंतिम हिशेब, अनुभव प्रमाणपत्र व कार्यमुक्ती पत्राबाबतची माहिती माझ्या वैयक्तिक ईमेलवर द्यावी.
>
> लेखा विभागातील सहकाऱ्यांनी केलेल्या सहकार्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, कर्मचारी क्रमांक, वैयक्तिक ईमेल व फोन)

पत्रात लेखा विभागाच्या प्रमुखांचे नाव किंवा पदनाम कुठेच आलेले नाही, हे लक्षात घ्यावे. १० फेब्रुवारीच्या ईमेलमध्ये ते आहे, आणि तेवढे पुरे.

नोटीस कालावधी भरणे खरोखरच अशक्य असेल, तर उद्यापासून येत नाही असे कळवून थांबू नये. तसे केले की कंपनी ‘न सांगता गैरहजर’ असा शेरा मारते किंवा नोटीस कालावधीच्या पगाराची वसुली काढते. त्याऐवजी शेवटच्या परिच्छेदात ‘वर नमूद केलेल्या परिस्थितीमुळे नोटीस कालावधी माफ करून मला ३१ मार्चपासून कार्यमुक्त करावे’ अशी विनंती करावी, आणि उत्तर येईपर्यंत शिल्लक रजा रीतसर टाकावी.

लैंगिक स्वरूपाचा त्रास नसेल, नुसती अपमानास्पद वागणूक असेल, किंवा त्रास होणारी व्यक्ती पुरुष असेल, तर २०१३ चा कायदा लागू होत नाही. खासगी नोकरीतल्या अशा वागणुकीवर तसा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून तिथे कंपनीच्या स्वतःच्या आचारसंहितेप्रमाणे केलेली लेखी तक्रार आणि हा राजीनामा हेच मुख्य कागद ठरतात. पत्राची रचना तीच राहते. ‘सक्षम समितीकडे’ याऐवजी ‘कंपनीच्या तक्रार निवारण धोरणानुसार’ एवढा बदल होतो.

पाठवणे आणि त्यानंतरचे दिवस

ज्याच्याबद्दल तक्रार आहे तोच तुमचा वरिष्ठ असेल, तर राजीनामा फक्त त्याच्याकडे देऊ नये. एचआरप्रमुखांना पाठवावा आणि कंपनीच्या नियमाने आवश्यक असेल तर त्याच्या वरच्या अधिकाऱ्याला सीसी करावा. पाठवताना स्वतःच्या वैयक्तिक ईमेलला बीसीसी ठेवावे, म्हणजे लॉगिन बंद झाले तरी प्रत आणि वेळ हातात राहते. दोन दिवसांत पोच आली नाही तर छापील प्रत कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवावी. टपाल खात्याने २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केले आहे, त्यामुळे काउंटरवर ‘रजिस्टर’ मागितले तर स्पीड पोस्टसोबत नोंदणीची सेवा घ्या असे सांगतात. पावती फोटो काढून ठेवावी, कारण थर्मल कागदावरची शाई काही महिन्यांत उडते.

पत्र पाठवल्यानंतर फोन येतो, हे जवळजवळ ठरलेले असते. आवाज आपुलकीचा असतो: ‘अगं, हे असं कशाला लिहिलंस? पुढच्या नोकरीला अडचण येईल. नुसतं पर्सनल रीझन्स लिही, मी लगेच रिलीव्हिंग करून देतो.’ यात थोडे तथ्य नाही असे नाही, पण नव्या कंपनीची पडताळणी बहुधा कार्यमुक्ती पत्र, पद आणि कालावधी यांवर होते. तुमचे राजीनाम्याचे पत्र त्यांच्यापर्यंत क्वचितच पोचते. फोनवर वाद घालू नये, ‘विचार करून कळवते’ म्हणावे आणि त्याच दिवशी ईमेल करावा: ‘आज दूरध्वनीवरून राजीनाम्याचा मजकूर बदलण्याविषयी आपण सुचवले. १८ मार्चचे पत्र मी कायम ठेवत आहे.’ विनंती जितकी आग्रही, तितका हा ईमेल महत्त्वाचा.

तीच अडचण पोर्टलवर वेगळ्या रूपात येते. राजीनाम्याच्या फॉर्ममध्ये कारणांची यादी असते आणि त्यात ‘वैयक्तिक’, ‘उच्च शिक्षण’, ‘चांगली संधी’ असेच पर्याय असतात. ‘इतर’ निवडून शेऱ्यात ‘१८ मार्च २०२६ चे पत्र पाहावे’ असे लिहावे. ‘इतर’ हा पर्यायच नसेल तर स्क्रीनशॉट घेऊन एचआरला कळवावे की पोर्टलवर योग्य पर्याय उपलब्ध नसल्याने निवडलेले कारण हे माझे कारण नाही. एक्झिट इंटरव्ह्यूमध्येही तेच धोरण: लेखी प्रश्न मागावेत, लेखी उत्तरे द्यावीत, आणि त्रासाविषयीच्या प्रश्नाला ‘याबाबत माझा अर्ज समितीपुढे आहे’ एवढेच उत्तर पुरे.

शेवटी फुल अँड फायनलच्या कागदावर सही करायची वेळ येते. त्यात बारीक अक्षरांत ‘कंपनीविरुद्ध माझा कोणताही दावा शिल्लक नाही’ असे वाक्य बहुधा असते. पैशाचा हिशेब बरोबर असेल तरी सही करताना हाताने लिहावे: ‘केवळ मिळालेल्या रकमेपुरती पोच, १६ मार्च २०२६ च्या अर्जाबाबतचे हक्क राखून.’ असे लिहू देत नसतील तर त्या टेबलावर सही न करता कागदाची प्रत मागून घ्यावी आणि वकिलाला दाखवावी. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. पुण्यात हे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारात, शिवाजीनगरला आहे. जाताना नियुक्तिपत्र, १० फेब्रुवारीपासूनचे ईमेल, समितीकडच्या अर्जाची पोच आणि राजीनाम्याची प्रत तारखेच्या क्रमाने लावलेली न्यावी, म्हणजे समोरच्याला प्रकरण पहिल्या भेटीतच समजते.